कडेला आधार

समोर एक वाटी ज्वारीचं पीठ ठेवा. सपाट भरलेली एकच वाटी, म्हणजे घाई होणार नाही. शेजारी तेवढीच वाटी पाण्याची. पोळपाट, लाटणं, एक ओलं फडकं. गॅस अजून पेटवायचा नाही.

आधी हात पिठात घाला. चिमूट उचला, अंगठा आणि तर्जनीत चोळा. पीठ बोटांना सुळसुळीत लागतं की कणीदार, एवढंच बघा. कणी लागत असेल तर पीठ बारीक चाळणीने चाळून घ्या. एक मोठा कण कडेला आला की तिथूनच चीर सुरू होते, आणि मग आपण लाटण्याला दोष देतो.

आता मूठ वळा. कोरडं पीठ मुठीत दाबा आणि उघडा. ठसा क्षणभर टिकेल आणि ढासळेल. त्यावर साधं पाणी शिंपडून पुन्हा दाबा. गोळा होईल, पण दोन बोटांनी ओढू गेलात तर लांबणार नाही, मोडेल. गव्हाची कणीक अशी मोडत नाही. तिच्यात पाणी पडलं की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि मळता मळता त्यांची जाळी तयार होते. कणीक ओढली की ही जाळी ताणली जाते, म्हणून पोळी हवी तेवढी पातळ लाटता येते. ज्वारीतही प्रथिन आहे, पण ते निराळं. त्याचं नाव काफिरिन. ते पाण्यापासून अंग राखून असतं, दाण्यातल्या बारीक गोळ्यांत बंद राहतं, आणि कितीही मळलं तरी त्याची जाळी होत नाही. बाजरीचं आणि तांदळाचं प्रथिनही या कामाला येत नाही.

हे मोडणं एकदा नीट बघून घ्या. पुढे जे जे करायचं आहे ते सगळं हे मोडणं टाळण्यासाठी आहे.

माझ्या घरी हे बघण्याची वेळ आली ती मुलीमुळे. ती सात वर्षांची असताना तिला सीलिएक असल्याचं निदान झालं आणि घरातला गहू बंद झाला. भाकरी मला थापता येत होती. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, शाळूच्या मुलखातलं. पण थापलेली भाकरी ताटात गरम खायची असते. शाळेच्या डब्यात पाच तासांनी उघडल्यावर ती कडक होई आणि मुलगी भाजी खाऊन भाकरी परत आणी. तिला हवी होती बाकीच्या मुलांसारखी घडी पडणारी, भाजी गुंडाळता येणारी पोळी. म्हणून मी ज्वारी लाटायला बसले. पहिले कित्येक दिवस पोळपाटावर पोळी नव्हे, नकाशाच दिसे. चहूकडे फाटलेल्या कडा, मधे नदीसारखी एक लांब भेग. सगळे सांगत, थोडी कणीक मिसळ, लगेच जमेल. तेवढंच तर चालणार नव्हतं.

शेवटी मावशीला फोन केला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “अगं, पाणी उकळलं होतं का?”

“गरम होतं.”

“गरम नव्हे. उकळलं होतं का?”

आता गॅस पेटवा. जाड बुडाच्या पातेल्यात ती वाटीभर पाणी घाला, त्यातलं दोन चमचे मात्र बाजूला काढून ठेवा. चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तेल. आणि पाण्याकडे बघत राहा. आधी तळाशी बारीक बुडबुडे धरतील. मग कडेने वाफ निघेल, पाणी गुणगुणू लागेल. ही अजून उकळी नव्हे. मी इथेच फसत होते. सगळं पाणी खालीवर होऊ लागलं, खळखळ आवाज यायला लागला की ती उकळी.

एवढा आग्रह कशासाठी? पिठात प्रथिनापेक्षा कितीतरी जास्त स्टार्च असतो. त्याचे कण थंड पाण्यात जवळजवळ जसेच्या तसे राहतात. या धान्यांच्या बाबतीत साधारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचल्यावर ते पाणी पिऊन फुगतात, मऊ पडतात, आणि त्यांच्यातून चिकट खळ बाहेर येते. गव्हाच्या जाळीच्या जागी आपल्याला ही खळ वापरायची आहे. पण थंड पीठ आणि थंड परात दोघंही पाण्याची उष्णता ओढून घेतात. परातीत पीठ घेऊन वरून नुसतं गरम पाणी ओतलं तर मिश्रण हवं तितकं तापतच नाही. हाताला चांगलं पोळतं, म्हणून आपली समजूत होते की उकड झाली, आणि आत बराच स्टार्च तसाच कच्चा राहिलेला असतो. म्हणून पीठ उकळत्या पाण्यात घालायचं, पाणी पिठात नाही.

ताजं पीठ असेल तर एवढं लागत नाही, हेही सांगितलं पाहिजे. गिरणीतून आजच आणलेल्या शाळूच्या पिठाला विरी असते. साध्या कोमट पाण्यात, तळहाताच्या टाचेने नेटाने मळलं की त्याची थापलेली भाकरी सुरेख होते. पीठ जुनं होत गेलं की विरी जाते आणि मग गरम पाण्यावाचून भागत नाही. पण पातळ लाटायची असेल तर मी ताज्या पिठाचीही उकडच काढते. आणि ज्यांच्या घरी गहू खरोखरच वर्ज्य आहे त्यांना गिरणीचं पीठ चालत नाही. त्याच जात्यात आधी गहू दळलेला असतो, आणि तो थोडाथोडा पुढच्या दळणात उतरतो. आम्ही निवडलेली ज्वारी घरघंटीवर दळतो. पोळपाट-लाटणंही वेगळं ठेवलं आहे, आणि लावायला पीठ ज्वारीचं किंवा तांदळाचंच.

पाणी खळखळलं? गॅस बारीक करा. पीठ एकदम घाला आणि लाटण्याच्या टोकाने किंवा लाकडी चमच्याने भराभर ढवळा. एक-दोन वेळा पुरे. कोरडं पीठ दिसलं तरी काळजी नको. झाकण ठेवा, अर्धा मिनिट वाफ येऊ द्या आणि गॅस बंद करा.

आता पाच ते सात मिनिटं काहीच करायचं नाही.

झाकण उघडून बघावंसं वाटेल. उघडू नका. आत कोरड्या राहिलेल्या पिठापर्यंत वाफ पोचते आहे, कण फुगताहेत. झाकणाखालची ही उष्णता तुमच्या हातांपेक्षा चांगलं काम करते. तळहात पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला हलकेच लावून बघा. चटका बसतो आहे तोवर थांबायचं.

उकड परातीत काढा. ती गुठळ्यांची, खडबडीत, काहीशी निराशाजनक दिसेल. हात पाण्यात बुडवा आणि मळायला घ्या. उकड सोसवेल इतपत गरम असावी. अगदी पोळत असेल तर पहिली दोन मिनिटं वाटीच्या बुडाने रगडा. मग तळहाताची टाच पुढे ढकला, बोटांनी गोळा मागे ओढा, पुन्हा ढकला. इथे गव्हासारखी जाळी बांधायची नाही. गुठळ्या फोडून खळ सगळ्या कणांना सारखी माखायची आहे. त्यामुळे जोर लावून उपयोग नाही. प्रत्येक गुठळी हाताखाली आली पाहिजे, एवढंच लक्षात ठेवा. बाजूला ठेवलेलं पाणी आताच लागेल तसं घ्या, बोटं ओली करत, एकदम ओतून नव्हे. ओतलेलं पाणी एका जागी साचतं आणि तिथे पीठ पोळपाटाला धरतं.

चार-पाच मिनिटांत हाताखाली फरक जाणवेल. आधी पीठ हाताला लागत होतं, मग हात सुटू लागतो. रंग किंचित उजळतो. परातीचा तळ आपसूक स्वच्छ होतो.

लिंबापेक्षा मोठा गोळा घ्या, तळहातांत फिरवा आणि दोन्ही हातांमध्ये हळू दाबा. दाबताना वरचा भाग बघू नका. कड बघा.

कड गुळगुळीत राहिली तर पीठ तयार आहे. कडेला केसासारख्या चिरा दिसल्या तर पाणी कमी आहे किंवा मळणं अपुरं आहे. हात ओला करून आणखी मिनिटभर मळा. दाबल्यावर गोळा पसरून तळहाताला चिकटून बसला तर पाणी जास्त झालं. तेव्हा कोरडं पीठ मिसळण्याचा मोह टाळा, कारण ते कच्चंच राहतं आणि पुन्हा तडे देतं. गोळा झाकून पाच मिनिटं ठेवा. बरंचसं पाणी आत मुरतं. या एका दाबण्यातून जे कळतं त्याकडे मी पूर्वी दुर्लक्ष करायचे. गोळ्याला चिरा दिसत असूनही लाटायला घ्यायचे आणि लाटताना त्या मिटतील अशी आशा धरायचे. त्या मिटत नाहीत, प्रत्येक फिरवणीला वाढतात.

का वाढतात, ते जरा सावकाश डोळ्यांपुढे आणू. गोळा चपटा केला तेव्हा तो साधारण 6 सेंटीमीटर रुंद होता. म्हणजे त्याच्या कडेची लांबी जवळपास 19 सेंटीमीटर. त्याची 16 सेंटीमीटरची पोळी झाली की कड होते सुमारे 50 सेंटीमीटर. तेच पीठ, तीच कड, पण तिला अडीचपटीहून जास्त लांब व्हायचं आहे. पोळीच्या मधल्या पिठाला चहूबाजूंनी शेजारी आहेत, लाटण्याखाली ते एकमेकांना रेटून धरतात. कडेच्या पिठाला बाहेरच्या अंगाला कुणीच नाही. गव्हाची कड जाळीच्या जोरावर ताणली जाते. आपल्या कडेला ताण सोसत नाही, म्हणून पहिली चीर नेहमी तिथेच पडते.

भाकरी थापणाऱ्या बाईचे हात आठवा. आपल्याला आठवतो तो थापणारा हात, कारण आवाज त्याचा असतो. पण दुसरा हात बघा. तो कडेला लागून असतो, किंचित वाकलेला, भाकरी फिरेल तशी तिची कड आत लोटत राहणारा. मावशीचा डावा हात असाच चाले. तो काय करतो आहे हे मला कळलं ते लाटणं हातात घेतल्यावर, कारण लाटताना दोन्ही हात लाटण्यावर जातात आणि कडेचा हात नाहीसा होतो.

तो परत आणायचा. गोळा लगेच लाटायला घेऊ नका. पोळपाटावर ठेवून बोटांनी दाबत 8-9 सेंटीमीटरचा करा, पेढ्यापेक्षा मोठा. आता अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कड धरा आणि गोल फिरवत फिरवत ती हलकेच आत दाबा, जणू तिला किनार शिवत आहात. जिथे चीर दिसेल तिथे बोट ओलं करून पुसून घ्या. पूर्ण एक फेरा. मग दुसरा. कड मधल्या भागापेक्षा किंचित जाड राहिली तर उत्तम. तिला लांब व्हायचं आहे, तिच्यापाशी थोडं जास्त पीठ असू द्या.

पोळपाटावर कोरडं पीठ भुरभुरा, अगदी थोडं. वरून भुरभुरलेलं पीठ पोळीच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, आणि जिथे जास्त पडतं तिथे वरचा थर सुकून तडकतो. पोळी चिकटत असेल तर ती उचलून खाली पुन्हा जरासं भुरभुरा. वर ढीग घालू नका.

लाटणं घ्या. मूठ आवळू नका. लाटणं बोटांखाली मोकळं फिरलं पाहिजे. घट्ट धरलं की ते फिरण्याऐवजी घसरतं, वरचा थर पुढे ओढतं आणि खालचा मागे राहतो. गहू हे ओढणं सहन करतो. इथे मधोमध आडवी भेग पडते, माझ्या त्या नदीसारखी. लाटणं मध्यावर ठेवा, कडेकडे न्या आणि कडेच्या एक बोट अलीकडे थांबा. कडेवरून खाली उतरू नका. पोळी थोडी फिरवा. पुन्हा मध्यापासून. पोळी फिरत राहिली पाहिजे. ती फिरायची थांबली म्हणजे खाली चिकटली आहे, आणि चिकटलेल्या जागी पुढचं लाटणं फाडणारच.

तीन-चार फिरवण्या झाल्या की थांबा आणि कड बघा. कुठे चीर निघाली असेल तर ओल्या बोटाने दोन्ही काठ एकमेकांवर लोटा, दाबा, पुढे चला. अशी दुरुस्ती चीर नखाएवढी असतानाच होते. बोटभर आत गेली की सांधा दिसायला जुळतो, पण तव्यावर उघडतो आणि वाफ तिथूनच निसटते.

किती पातळ? ज्वारीची दोन मिलीमीटरच्या आसपास. त्याहून पातळ होते, पण मग तव्यावर नेताना हातात राहत नाही. वाटी किंवा डब्याचं झाकण दाबून फाटकी कड कापून टाकण्याची युक्तीही आहे. घाईच्या सकाळी मीही ती करते, कातरलेलं पीठ पुढच्या गोळ्यात जातं. पण रोज कापावी लागत असेल तर चूक लाटण्यात नाही, मागे पातेल्यात आहे.

बाजरी वेगळी आहे. तिचं पीठ पाणी कमी मागतं, वाटीला पाऊण वाटीपासून सुरुवात करा. तिला मऊपणा येतो, पण ज्वारीइतकी एकसंध होत नाही. तिला जाडच ठेवावी, 14 सेंटीमीटरवर थांबावं आणि कड थोडी ओबडधोबड राहिली तर राहू द्यावी. ती पातळ करण्याचा हट्ट मी सोडला आहे. बाजरीत तेलाचा अंश या तिघांत सर्वांत जास्त, साधारण 5 टक्के. त्यामुळे दळल्यावर तिचं पीठ लवकर कडू होतं. मळण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवा. कडवट लागलं तर उकड काढून, तेल घालून, तीळ लावून काहीही होणार नाही. आठवड्याला पुरेल एवढीच दळावी आणि पीठ फ्रीजमध्ये ठेवावं.

तांदूळ याच्या उलट. तिघांत लाटायला सर्वांत सोपा, पण थांबायला तयार नसतो. वाटीला पूर्ण वाटी पाणी, नव्या तांदळाचं पीठ असेल तर थोडं कमी, कारण ते जास्त चिकट होतं. उकड लोण्यासारखी मळली जाते, कड आरशासारखी राहते, आणि तुम्ही पहिली पोळी भाजेपर्यंत उरलेले गोळे कडक होऊ लागतात. फुगलेला स्टार्च निवताना पुन्हा घट्ट होतो, तेच इथे घडत असतं. म्हणून तांदळाची उकड ओल्या फडक्याखाली ठेवायची, एका वेळी एकच गोळा बाहेर काढायचा आणि लाटण्याआधी ओल्या हाताने पुन्हा दहा-बारा वेळा मळायचा. शेवटच्या दोन पोळ्या फाटतात ही तक्रार तांदळाच्या बाबतीतच जास्त ऐकू येते. ते गोळे निवलेले असतात, एवढंच.

तवा आता चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर तो टणटण उड्या मारत नाहीसा व्हावा. पोळी दोन्ही तळहातांवर उचला. एका बोटाने टोक धरून उचलली तर तिथेच तुटेल. पोळपाटाला लागलेली बाजू खाली न ठेवता वर येईल अशी तव्यावर पालथी टाका. लगेच ओला हात किंवा ओलं फडकं वरून फिरवा, मध्यापासून कडेपर्यंत. कड विसरू नका.

हे पाणी वरचं सुटं पीठ भिजवतं आणि त्या ओल्या थराचं तव्यावर पातळ, अखंड कातडं होतं. पुढे वाफ अडवून धरतो तो हाच पापुद्रा. पाणी असमान फिरलं तर कोरड्या राहिलेल्या जागी तडे जातात. ते आता तुम्हाला ओळखू येतील, कडेचे नव्हेत, अंगावरचे, सुकलेल्या चिखलासारखे. पाणी दिसेनासं व्हायच्या बेतात असतानाच पोळी उलटा. फार लवकर उलटली तर ती तव्याला धरते, फार उशिरा उलटली तर पापुद्रा तडकून गेलेला असतो. ही बाजू पूर्ण भाजू द्या. पोळी तव्यावर आपोआप सरकू लागली, तळाला तांबूस ठिपके आले, की उचलून आधी थोडीच भाजलेली बाजू थेट आचेवर धरा.

बघा. एका कोपऱ्यात फुगवटा येतो, सरकत दुसरीकडे जातो, आणि पोळी सगळी उचलली जाते. कुठे शिट्टीसारखी बारीक वाफ निघत असेल तर त्या जागी बोट नेऊ नका, पोळेल, पण जागा लक्षात ठेवा. निवल्यावर तिथे एक चीर सापडेल. ती लाटताना कुठल्या बाजूला होती ते आठवून बघा.

पोळी फडक्यात ठेवा, गरम असतानाच दुसरी तिच्यावर. उघड्यावर ठेवली तर वाफ जाते आणि पोळी पाच मिनिटांत ताठ होते. फ्रीजमध्ये तर मुळीच नको, तिथे स्टार्च आणखी झपाट्याने घट्ट होतो. डब्यासाठी मी दोन पोळ्या एकावर एक, फडक्यात गुंडाळून, पूर्ण गार होण्याआधीच डबा बंद करते. परत आणलेली पोळी पुन्हा वाफेवर धरली की मऊ होते, पण शाळेत वाफ कुठून आणणार.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. काल तिने पहिल्यांदा स्वतः उकड काढली. पाणी खळखळायची वाट बघत ती पातेल्यावर वाकून उभी होती. पीठ घातलं, झाकण ठेवलं, आणि पाच मिनिटांत चारदा विचारलं, “आई, आता उघडू?” मळून झाल्यावर गोळा दाबला, कड डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, “इथे एक आहे.” बोट पाण्यात बुडवलं, चीर पुसली, गोळा फिरवला.

“इथे अजून एक.”

मी तव्याखालचा गॅस बारीक केला.